कॅम्पस भरतीसाठी प्लेसमेंट सेलला पत्र: पद, पात्रता आणि निवडीचे टप्पे कसे लिहावेत

मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये मी काही वर्षं काम केलं, आणि नंतर एका कंपनीच्या एचआर विभागात गेलो. त्यामुळे अशी पत्रं मी आधी वाचली आणि मग लिहिली. वाचत होतो तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. कंपनीचं पत्र टीपीओ, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर, स्वतःपुरतं वाचत नाही. त्यातला मजकूर जसाच्या तसा उचलून तो विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि नोटीस बोर्डावर टाकतो. म्हणजे पत्र टीपीओच्या नावाने जातं, पण वाचतात ती दोनशे मुलं. त्यात एक शब्द मोघम राहिला तर त्याचे दोनशे अर्थ निघतात.

हे समजावून सांगायला एकच उदाहरण घेतो. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणारी एक मध्यम कंपनी आहे असं धरा. नव्वदेक माणसं कामाला. तिला पुढच्या वर्षी पास होणाऱ्या मुलामुलींमधून सहा ट्रेनी इंजिनिअर हवे आहेत. मोठ्या आयटी कंपन्यांचा साचा अशा कंपनीला चालत नाही, आणि बहुतेक चुका तो साचा उचलल्यामुळेच होतात.

पत्राआधी एक फोन

पत्र लिहायला बसण्याआधी टीपीओला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा.

पहिली, कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या सगळ्या कॉलेजांचं वेळापत्रक सारखं नसतं. माटुंग्याचं व्हीजेटीआय किंवा अंधेरीचं सरदार पटेल इन्स्टिट्यूट स्वायत्त आहे, तर विद्याविहारचं सोमय्या स्वतःच विद्यापीठ आहे. परीक्षा, निकाल आणि ग्रेड देण्याची पद्धत प्रत्येकाची आपली. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आत तुम्ही गुणांची अट घातली तर टीपीओ यादी करणार कशाच्या आधारावर?

दुसरी, ऑफरचा नियम. बऱ्याच कॉलेजांत एक ऑफर मिळाली की त्या विद्यार्थ्याला पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. पगाराच्या ठरावीक फरकानंतरच दुसरी संधी दिली जाते. हा नियम माहीत असेल तर आपण कुठल्या पगाराच्या कंपन्यांच्या आधी किंवा नंतर जातोय हे कळतं.

तिसरी, तारीख. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत रेल्वे कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि गणपतीच्या आठवड्यात निम्मी मुलं कोकणात गावी असतात. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून रविवार तर नकोच. मला मधला वार, बुधवार किंवा गुरुवार, सगळ्यात सोयीचा वाटतो. शिवाय लेखी परीक्षेसाठी एक राखीव दिवस आधीच मागून ठेवावा.

पद: हुद्दा नव्हे, काम लिहा

"ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी, सहा जागा" एवढं लिहून बहुतेक पत्रं थांबतात. आपल्या कंपनीतल्या या सहा जागा खरं तर दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. चार जण अंधेरीच्या कारखान्यात बसून पॅनलचं डिझाइन आणि टेस्टिंग करणार. उरलेले दोघं ग्राहकाच्या साइटवर जाऊन पॅनल बसवून चालू करून देणार, म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस मुंबईबाहेर. दुसरी नोकरी कोणाला आवडते, कोणाला अजिबात नको असते. दोन्ही एकाच नावाखाली लिहिल्या तर फिरती आहे हे मुलाला एचआरच्या फेरीत कळतं, तो नाही म्हणतो, आणि तोवर एक जागा वाया गेलेली असते.

म्हणून प्रत्येक पदाखाली चार ओळी लिहा: रोजचं काम काय, कुठे बसायचं, वेळ काय, फिरती किती. "डायनॅमिक वातावरण" वगैरे शब्दांनी काही कळत नाही. "पहिले तीन महिने वायरिंग आणि टेस्टिंग विभागात हाताने काम शिकायचं आहे" असं लिहिलं तर ज्याला हे नको आहे तो अर्जच करत नाही. ते दोघांच्याही फायद्याचं असतं.

साइटच्या पदासाठी "फक्त मुलगे" असं लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. ते लिहू नका. वेतन संहिता 2019 च्या कलम 3 प्रमाणे सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करता येत नाही. त्याआधी समान वेतनाच्या 1976 च्या कायद्यातही हीच मनाई होती. काम कसलं आहे, राहण्याची सोय काय आहे, रात्री थांबावं लागतं का, ते स्पष्ट लिहा. निर्णय उमेदवार घेईल.

पात्रता: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या अनुभवात पत्रातला सर्वात जास्त गोंधळ पात्रतेच्या दोन ओळींत होतो.

केटी म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय. एका वर्षी एका कंपनीच्या पत्रात एवढंच होतं: "केटी नको." आम्ही सेलमध्ये त्याचा अर्थ घेतला की आज एकही केटी शिल्लक नको. त्या हिशेबाने यादी पाठवली. लेखी परीक्षेतून निवडलेल्या मुलांपैकी तिघांना दुसऱ्या वर्षी केटी लागली होती आणि ती त्यांनी पुढच्या सेमिस्टरलाच सोडवली होती. कंपनीच्या माणसाने मुलाखतीच्या दारात मार्कशीट पाहिली आणि तिघांना परत पाठवलं. त्यांचा अर्थ होता, आयुष्यात एकदाही केटी नको. ती मुलं परीक्षा पास होऊन बाहेर उभी होती, आणि त्यांना काय सांगावं हे आम्हाला सुचत नव्हतं.

म्हणून केटीबद्दल एकाऐवजी तीन वाक्यं लिहा. चालू केटी किती चालतील? आधी लागून सुटलेली केटी चालेल का? आणि हे सगळं कुठल्या तारखेला मोजायचं? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज दिलेल्या मुलाची केटी आज आहे आणि तीन आठवड्यांनी कदाचित नसेल. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी उपलब्ध असलेला निकाल धरायचा, असं पत्रातच ठरवलं की वाद उरत नाही.

गुणांच्या अटीत दुसरा खड्डा आहे डिप्लोमाचा. "दहावी, बारावी आणि पदवी, प्रत्येकी 60 टक्के" असं लिहिलं जातं. पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची बारावी नसते. सेलमधला एखादा सहायक एक्सेलमध्ये बारावीच्या रकान्यावर फिल्टर लावतो आणि रकाना रिकामा असलेली ती सगळी मुलं यादीतून गळतात. पॅनलचं काम करणाऱ्या कंपनीचं यात मोठं नुकसान आहे, कारण वायर, कॉन्टॅक्टर, रिले हातात घेतलेली मुलं बहुधा डिप्लोमातूनच येतात. "बारावी किंवा डिप्लोमा" हे तीन शब्द पत्रात असलेच पाहिजेत.

टक्के आणि सीजीपीए यांचंही तसंच. रूपांतराचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं वेगळं असतं, आणि सीजीपीएला सरळ दहाने गुणणं अनेक ठिकाणी चुकीचं ठरतं. "60 टक्के, किंवा कॉलेजच्या अधिकृत सूत्राप्रमाणे तितका सीजीपीए" असं लिहा आणि हिशेब कॉलेजवर सोडा.

शाखा लिहिताना मोकळेपणा ठेवा. आपल्या पदांना इलेक्ट्रिकल तर चालेलच, पण इन्स्ट्रुमेंटेशन आणि ईएक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची मुलंही चालतील. "संबंधित शाखा" असं लिहिलं की टीपीओ प्रत्येक शाखेसाठी फोन करतो, किंवा फोन न करता स्वतःच ठरवतो.

एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: 60 टक्क्यांची अट खरंच लागते का? मुलं खूप येतील या भीतीने ती घालत असाल, तर गाळायचं काम लेखी परीक्षेला करू द्या. आमच्या उदाहरणातल्या कंपनीसाठी मी पदवीला 60 ठेवेन आणि दहावी-बारावीला 50. पंधराव्या वर्षीच्या मार्कांवरून बावीस वर्षांच्या इंजिनिअरला अडवण्यात मला अर्थ दिसत नाही.

पगार फोडून दाखवा

विद्यार्थी सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एका कर्मचाऱ्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाचा, आकडा बघतात आणि त्याला बाराने भागतात. तेवढे पैसे हातात येत नाहीत, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी विश्वास तुटतो. आपल्या कंपनीचा आकडा असा मांडता येईल. महिन्याचा ठरलेला पगार 30,000, त्यात मूळ वेतन 22,000. म्हणजे वर्षाचे 3,60,000. कंपनीचा पीएफचा वाटा 15,000 च्या वेतन मर्यादेवर 12 टक्क्यांनी महिना 1,800, वर्षाचा 21,600. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, सुमारे 12,700. आरोग्य विम्याचा हप्ता 5,700. कामगिरीवर मिळणारी रक्कम जास्तीत जास्त 24,000. बेरीज 4,24,000. हा झाला सीटीसी.

हातात मात्र 30,000 मधून कर्मचाऱ्याचा पीएफ 1,800 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 वजा होऊन 28,000 येतील, आणि फेब्रुवारीत कर 300 असल्यामुळे 27,900. पत्रात हे दोन्ही आकडे द्या. 4,24,000 ला बाराने भागलं तर 35,000 च्या वर जातं. या सात हजारांच्या फरकातून डोंबिवलीहून येणाऱ्या मुलाचं घरभाडं ठरतं.

बॉण्ड असेल तर पत्रातच लिहा: मुदत किती, रक्कम किती, आणि कशाच्या खर्चापोटी. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच मान्य करतं, लिहिलेली पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही. त्यामुळे घाबरवण्यासाठी मोठा आकडा टाकण्यात काही हशील नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट तर घालूच नये.

निवडीचे टप्पे: घड्याळ समोर ठेवून

टप्प्यांची नावं सगळे लिहितात. किती मुलं पुढे जातील आणि किती वेळ लागेल, हे फार थोडे लिहितात. हा हिशेब आधी कागदावर करा.

समजा 60 मुलं लेखी परीक्षेला बसली. त्यातली 24 मुलाखतीला घेतली आणि प्रत्येकाला अर्धा तास दिला, तर बारा तास होतात. मुलाखत घेणारी दोन पॅनल असतील तर प्रत्येकी सहा तास. कागदावर हे जमतं. पण दोन मुलाखतींच्या मध्ये पाच मिनिटं जातातच, म्हणजे पॅनलमागे बारा मुलांचा आणखी एक तास, आणि जेवणाची पाऊण तास सुट्टी. सकाळी दहाला सुरू केलं तर पावणेसहा वाजतात, आणि एचआरची फेरी अजून बाकी. शेवटच्या मुलीला रात्री आठला अंधेरीहून विरारची गाडी पकडावी लागते.

18 मुलं घेतली, म्हणजे एका जागेमागे तीन, तर पॅनलमागे नऊ मुलाखती येतात. साडेचार तास मुलाखतीचे, पाऊण तास मधल्या वेळेचा, पाऊण तास जेवणाचा. चार वाजता काम संपतं. एचआरचं टेबल शेजारीच दुपारपासून चालू ठेवलं तर पाचला सगळे मोकळे. म्हणून पत्रात "पहिले 18" असा आकडा लिहितो.

परीक्षेचं स्वरूप लपवू नका. किती प्रश्न, किती मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापणार का, कागदावर की संगणकावर, कॅल्क्युलेटर चालेल का. संगणकावर घ्यायची तर कॉलेजला लॅब आणि देखरेख लागते, त्याची विनंती याच पत्रात हवी. आपल्या कंपनीला साठ मुलांसाठी कागदच बरा.

तांत्रिक मुलाखतीत मी स्टार-डेल्टा स्टार्टरचं कंट्रोल सर्किट समोर ठेवायला सांगेन, एक चूक मुद्दाम करून. टायमरचा संपर्क चुकीच्या जागी जोडलेला. मुलगा ती दहा मिनिटांत कशी शोधतो यावरून जे कळतं ते "तुमची बलस्थानं सांगा" विचारून कळत नाही. "मुलाखतीत एक सर्किट वाचायला दिलं जाईल" हे पत्रात आधीच सांगा. तयारी करून आलेला उमेदवार आपल्यालाही हवाच असतो. एखाद्या दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक किंवा जास्तीचा वेळ लागणार असेल तर नोंदणीतच कळवावं, ही ओळही घाला.

पत्राचा मजकूर

प्रत्यक्षात मुंबईतली बहुतेक कॉलेजं इंग्रजी पत्राची अपेक्षा करतात. मजकुराचा क्रम तोच ठेवावा. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सीआयएन म्हणजे कंपनीच्या नोंदणी क्रमांकासह आणि कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून जायला हवं. भरतीच्या नावाखाली मुलांकडून पैसे उकळणारे लोक असतात, त्यामुळे जीमेलवरून आलेलं पत्र चांगला टीपीओ आधी बाजूला ठेवतो.

> दिनांक: 13 जुलै 2026
>
> प्रति,
> मा. ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर,
> (कॉलेजचं नाव आणि पत्ता)
>
> विषय: 2027 मध्ये पदवी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॅम्पस भरती, सहा पदे, 19 व 20 ऑगस्ट 2026
>
> महोदय/महोदया,
>
> आमची कंपनी अंधेरी पूर्व येथे इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवते. फोनवर झालेल्या बोलण्यानुसार आपल्या महाविद्यालयात भरती प्रक्रिया घेण्यास आम्ही उत्सुक आहोत. तपशील पुढीलप्रमाणे.
>
> पद 1: ट्रेनी इंजिनिअर, डिझाइन व टेस्टिंग. चार जागा. ठिकाण अंधेरी. वेळ सकाळी 9 ते 5.30. पहिले तीन महिने वायरिंग व टेस्टिंग विभागात प्रत्यक्ष काम. फिरती नाही.
>
> पद 2: ट्रेनी इंजिनिअर, साइट कमिशनिंग. दोन जागा. मुख्य ठिकाण अंधेरी, महिन्यातून 10 ते 12 दिवस मुंबईबाहेर. प्रवास व राहण्याचा खर्च कंपनीचा. दोन्ही पदे सर्व उमेदवारांसाठी खुली आहेत.
>
> पात्रता: इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा ईएक्सटीसी शाखा. पदवीत आजवर 60 टक्के, किंवा महाविद्यालयाच्या सूत्राप्रमाणे तितका सीजीपीए. दहावीत 50 टक्के, तसेच बारावी किंवा डिप्लोमात 50 टक्के. चालू केटी जास्तीत जास्त एक. पूर्वी लागून सुटलेली केटी चालेल. 5 ऑगस्ट 2026 रोजी उपलब्ध असलेला निकाल ग्राह्य. रुजू होण्यापूर्वी पदवी पूर्ण असणे आवश्यक.
>
> वेतन: दोन्ही पदांसाठी वार्षिक सीटीसी 4,24,000 रुपये. त्यात कामगिरीवर आधारित रक्कम कमाल 24,000. दरमहा हाती येणारी रक्कम सुमारे 28,000. बॉण्ड नाही. कोणत्याही टप्प्यावर विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जाणार नाही.
>
> निवड: 19 ऑगस्ट, सकाळी 10, महाविद्यालयात: कंपनीची माहिती व प्रश्नोत्तरे 30 मिनिटे, त्यानंतर लेखी परीक्षा. 40 प्रश्न, 60 मिनिटे, कागदावर, गुणकपात नाही, साधा कॅल्क्युलेटर चालेल. पहिल्या 18 जणांची नावे त्याच दिवशी सायंकाळी 6 पर्यंत. 20 ऑगस्ट, सकाळी 10 पासून महाविद्यालयात: तांत्रिक मुलाखत, त्यात एक कंट्रोल सर्किट वाचायला दिले जाईल, व एचआर मुलाखत. पावसामुळे अडचण आल्यास राखीव दिवस 24 व 25 ऑगस्ट. लेखनिक किंवा जादा वेळ लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोंदणीत तसे नमूद करावे.
>
> निकाल 21 ऑगस्ट रोजी आपल्याकडे. ऑफर लेटर 31 ऑगस्टपर्यंत. स्वीकृती 7 सप्टेंबरपर्यंत. रुजू होण्याची तारीख 15 जुलै 2027.
>
> विनंती: 60 आसनांची एक खोली, मुलाखतीसाठी तीन लहान खोल्या, आणि पात्र इच्छुक विद्यार्थ्यांची यादी 10 ऑगस्टपर्यंत. यादीत नाव, शाखा, गुण, केटीची स्थिती व पसंतीचे पद असावे. आधार क्रमांक किंवा घरचा पत्ता आत्ता नको. ही माहिती केवळ या भरतीसाठी वापरली जाईल.
>
> आपला/आपली,
> (नाव, हुद्दा, थेट फोन क्रमांक)

पाठवल्यानंतर

चार दिवसांत उत्तर आलं नाही तर फोन करा. जुलैमध्ये टीपीओच्या इनबॉक्समध्ये अशी पत्रं ढिगाने असतात. पत्रासोबत कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरायला सांगितला तर तो भरा, पण पत्रातले आकडे आणि फॉर्ममधले आकडे एकच ठेवा. फॉर्ममध्ये 4.5 लाख आणि पत्रात 4.24 लाख असं झालं तर मुलं मोठा आकडा लक्षात ठेवतात.

10 ऑगस्टला यादी आली की त्याच दिवशी तपासायला बसा. बारावीचा रकाना रिकामा असलेली नावं आहेत ना, ते आधी पाहा. एकही नसेल तर डिप्लोमाची मुलं फिल्टरमध्ये गळली असण्याची शक्यता मोठी, लगेच फोन करा. कोणाच्या पात्रतेबद्दल शंका असेल तर 12 तारखेपर्यंत लेखी विचारा आणि यादी कायम झाल्याचं टीपीओकडून ईमेलवर घ्या. त्यानंतर त्या यादीतल्या कोणालाही पात्रतेच्या कारणावरून दारातून परत पाठवायचं नाही, हे मुलाखत घेणाऱ्या आपल्या दोन्ही पॅनलना 18 तारखेलाच बजावून ठेवा.